दहा रुपयांच्या स्लाइडबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: ताई, वीजबिलाच्या खोट्या मेसेजवरच्या तुमच्या आठ स्लाइड बघितल्या. एकच गोष्ट ताणून आठ ठिकाणी. पाचव्या स्लाइडवर तर फक्त ‘दहा रुपये भरायला सांगतात’ एवढंच. दहा रुपयांनी कुणाचं काय जातं? शेवटच्या स्लाइडवरची अक्षरं मुंग्यांएवढी. पाठवणाऱ्याच्या नावावरून मेसेज ओळखा म्हणता, मग व्हॉट्सअ‍ॅपवर महावितरणचा लोगो लावून येतात त्यांचं काय? आणि ज्यांना खरी गरज आहे ते म्हातारे असं सरकवत बघणार आहेत का? लोकांना घाबरवण्याचा धंदा आहे हा. घरी बसून चित्रं बनवणं सोपं असतं.

उत्तर:

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे नुसतं ‘तुम्ही’च म्हणते.

पटलं ते आधी सांगून टाकते. शेवटच्या स्लाइडवरची अक्षरं बारीक आहेत, मान्य. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा क्रमांक चष्मा न लावता दिसायला हवा. मोठा करून पुन्हा टाकते.

आता ‘धंदा’ या शब्दाबद्दल. या स्लाइड मी कुणाला विकलेल्या नाहीत, त्यांच्यावर जाहिरात नाही, कुठला कोर्स नाही. टीका करायला माझी हरकत नाही, पण ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि खाली जाता जाता समोरच्याच्या हेतूवर घसरायचं, ही कुठली रीत? हेच तुम्ही माझ्यासमोर बसून बोलला असता का? नसता बोलला. घरी बसून चित्रं बनवते हेही खरंच आहे, निवृत्त झाल्यावर माणूस घरीच बसतो. त्याआधी मात्र मी बँकेत होते, आणि शेवटची बरीच वर्षं पेन्शनच्या काउंटरवर. पासबुक भरून घ्यायला आलेला माणूस शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ‘हे काय आहे हो?’ विचारतो, तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मी काचेच्या या बाजूने पाहिलंय. तुम्ही पाहिलं असतंत तर पाचव्या स्लाइडवर हसला नसतात.

आणि हसलात तेही नेमके तिथेच. बाकी सात स्लाइड काढून टाकल्या आणि ही एकच ठेवली, तरी माझी तक्रार नसती.

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांचं उदाहरण घ्या. नाव सांगणार नाही, त्यांना आवडणार नाही. शनिवारी संध्याकाळी त्यांना मेसेज आला: मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री 9.30 वाजता वीज कापली जाईल, ताबडतोब वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधा. खाली एक मोबाइल नंबर. आता गंमत बघा, काकांनी बिल भरलेलं होतं. वेळेत, पावतीसकट. आणि म्हणूनच त्यांनी फोन केला! थकबाकीदार माणूस असे फोन टाळतो. बिल भरलेला माणूस मात्र तावातावाने फोन करतो, कारण त्याची बाजू खरी असते.

पलीकडच्याने वाद घातला नाही. ‘हो सर, तुमचं पेमेंट दिसतंय, पण सिस्टिममध्ये अपडेट झालेलं नाही. फक्त दहा रुपये भरा, म्हणजे रेकॉर्ड अपडेट होईल.’ दहाचं काम इथे सुरू होतं. काकांना ‘बिलाचे 1,840 पुन्हा भरा’ म्हटलं असतं, तर त्यांनी दोन शिव्या हासडून फोन ठेवला असता. दहा रुपयांसाठी कोण भांडतो? ‘दहा रुपयांनी कुणाचं काय जातं’ हे तुमचंच वाक्य काका त्या वेळी मनात म्हणत होते, आणि चोराला त्यांच्याकडून तेवढंच हवं होतं.

दहा रुपये भरायचे कुठे? त्यासाठी त्याने एक अ‍ॅप टाकायला लावलं, ‘बिल अपडेटचं’ म्हणून. प्रत्यक्षात ते स्क्रीन शेअर करण्याचं अ‍ॅप होतं. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट ही त्यातली माहितीतली नावं. ती चोरांनी बनवलेली नाहीत, कंपन्यांचे संगणक दुरुस्त करणारे लोक ती रोज वापरतात. म्हणूनच ती प्ले स्टोअरवर सरळ मिळतात आणि ‘प्ले स्टोअरवर आहे म्हणजे खरं असेल’ हा आपला हिशेब इथे चुकतो. एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं. अ‍ॅप उघडलं की एक लांब आकडा दिसतो. ‘तो वाचून दाखवा, तुमचा तक्रार क्रमांक आहे’ असं तो म्हणाला. काकांनी वाचला, मग आलेल्या प्रश्नाला ‘होय’ केलं, आणि त्यांचा फोन दोघांचा झाला.

तरीसुद्धा नुसती स्क्रीन बघून सगळं मिळत नाही. बहुतेक बँकांची अ‍ॅप्स आणि यूपीआयचं पिन टाकायचं पान अशा वेळी पाहणाऱ्याला काळं दिसतं, तशी सोय त्यात केलेली असते. चोराला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. म्हणून तो दहा रुपये यूपीआयने घेत नाही. ‘यूपीआय आज बंद आहे सर, कार्ड आणा,’ म्हणतो आणि एका वेबपेजची लिंक देतो. वर महावितरणचं चिन्ह, खाली ग्राहक क्रमांक, रक्कम 10. त्याखाली कार्डचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे. काकांनी सगळं शांतपणे भरलं. समोर रक्कम दहाच दिसत होती ना!

ते पान पैसे घेतच नव्हतं, नुसतं लिहून घेत होतं. काकांनी भरलेले आकडे तो दुसरीकडे खऱ्या दुकानाच्या साइटवर टाकत होता, आणि तिथली रक्कम 24,000 होती. ओटीपी काकांच्या फोनवर आला, स्क्रीनच्या वरच्या कडेला झळकला, त्याने वाचला, काम झालं. मग म्हणाला, ‘पेमेंट फेल दाखवतंय सर, परत करू.’ पुन्हा 24,000. तिसऱ्यांदा ‘दुसरं कार्ड असेल तर आणा’ म्हणाला, तेव्हा आतून काकूंचा आवाज आला की अहो, कशाला एवढी कार्डं? काकांनी फोन ठेवला. 48,000 गेले, दुसरं कार्ड वाचलं.

आता मला सांगा, यात खुणेची जागा कुठली? कार्डाच्या ओटीपीच्या मेसेजमध्ये सहसा रक्कम आणि कुणाला देताय ते लिहिलेलं असतं. काकांच्या फोनवर तो मेसेज आजही आहे, त्यात 24,000 स्पष्ट लिहिलंय. त्यांनी तो वाचला नाही, कारण डोक्यात दहा रुपये होते. माझ्या पाचव्या स्लाइडवर दोनच ओळी आहेत: कुणी फोनवर बोलत असताना पाच-दहा रुपये भरायला लावत असेल, तर फोन ठेवा. ओटीपी आलाच, तर आधी त्यातली रक्कम वाचा. ती दहा नसेल, तर ते दहा कधीच नव्हते. तुम्हाला यातली पहिली ओळ दिसली, दुसरी वाचायला सवड झाली नाही असं दिसतं.

घाबरवण्याचं म्हणाल, तर दुसरी स्लाइड उलट भीती घालवण्यासाठीच आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री साडेनऊ’ हे त्यात बसतच नाही. संशय आला तर मेसेजमधला नंबर सोडून 1912 ला फोन करा, किंवा महावितरणच्या अ‍ॅपवर आपला 12 आकडी ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी बघा. एवढं कळल्यावर माणूस घाबरतो की निवांत होतो? असो.

सातव्या स्लाइडवर तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही, म्हणजे ती बरी असावी असं मी धरून चालते. तरी पैसे गेल्यावर काय करायचं याचा तिथला क्रम का तसा आहे ते सांगते, कारण काकांनी नेमका तोच उलटा केला. पैसे गेल्याचं कळताच ते आधी मुलाला फोन लावत बसले, मग अ‍ॅप काढायला लागले, आणि इंटरनेट चालूच. आधी नेट तोडायचं, फोन सरळ एअरप्लेन मोडवर टाकायचा, म्हणजे पलीकडच्याची नजर त्याच क्षणी बंद. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला सांगून कार्ड आणि नेटबँकिंग दोन्ही बंद करायचं. बँक पहिली का? रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात असं आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलेले पैसे ग्राहकाचे, पण बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणजे कळवल्याची वेळ हीच सीमारेषा. तक्रार क्रमांक आणि वेळ कागदावर लिहून ठेवायची.

त्याच्या पाठोपाठ 1930. तिथे खाते कुठल्या बँकेत, रक्कम किती, व्यवहार कधीचा आणि त्याचा क्रमांक काय, हे विचारतात. ते हाताशी असलं तर पैसे जिथे गेले त्या खात्यापर्यंत निरोप लवकर पोचतो आणि शिल्लक असेल तेवढे रोखून धरता येतात. चोर ते पुढच्या खात्यात, तिथून एटीएममध्ये नेत असतो. रोख निघाली की रोखायला काही उरत नाही. cybercrime.gov.in वर लेखी तक्रारही करायची असते, पण ती फोननंतर. काकांची तक्रार दुसऱ्या दिवशी झाली, तोवर रोखायला काही उरलं नव्हतं. यात माझी चित्रं कमी पडली म्हणाल, तर तेव्हा ती नव्हतीच.

राहिले तुमचे बाकीचे मुद्दे. पाठवणाऱ्याचं नाव बघा म्हणजे ‘नाव दिसलं की खरं’ असं मी कुठे म्हटलंय? महावितरणच्या एसएमएसवर पाठवणाऱ्याच्या नावात `MSEDCL` असतं. साध्या दहा आकडी मोबाइलवरून आला तर तो खोटा, एवढंच पहिल्या स्लाइडवर आहे. स्लाइड उघडून बघा. व्हॉट्सअ‍ॅपचा विषय वेगळा आहे, तो कधीतरी वेगळा घेईन. आणि म्हातारे सरकवत बघतील का, हे एखाद्या म्हाताऱ्याला विचारा. मीही त्यांच्यातलीच आहे, मला सरकवता येतं.

मोठ्या अक्षरांची आठवी स्लाइड उद्या टाकते. ती बघून काही सांगायचं असेल तर जरूर लिहा. नावासकट लिहिलंत तर जास्त बरं.