बिल वजा मंजुरी म्हणजे को-पे नव्हे

“कॅशलेसमध्ये डोकं लावू नका. बिलाच्या स्क्रीनशॉटवरच्या एकूण आकड्यातून विम्याची मंजुरी वजा करा, उरेल ते तुमचं को-पे. तेवढं भरा आणि पेशंटला घरी न्या. वाद घालत बसलात तर आणखी एका दिवसाचं भाडं लागेल.”

डिस्चार्जच्या वेळी असा सल्ला बऱ्याचदा मिळतो. त्यातली वजाबाकी बरोबर आहे, पण उत्तराला दिलेलं नाव चुकीचं आहे. समजा वडिलांचं अंतिम बिल 2,00,000 रुपये आहे, पॉलिसीला 10 टक्के को-पे आहे, म्हणजे मान्य रकमेतला तेवढा हिस्सा तुम्ही भरायचा, आणि मंजुरी आली 1,58,400 रुपयांची. फरक 41,600. आता मंजुरीपत्रातला कपातीचा तक्ता उघडा (बहुतेक जण फक्त वरचा ठळक आकडा पाहतात). त्यात विम्यातून न मिळणाऱ्या वस्तूंचे 14,000, हॉस्पिटलने विमा कंपनीला कबूल केलेल्या सवलतीचे 10,000 आणि उरलेल्या 1,76,000 वर 10 टक्के को-पे, म्हणजे 17,600. सवलत ही हॉस्पिटलने सोडायची रक्कम आहे, ती तुमच्याकडून घ्यायची नसते. म्हणजे द्यायचे 31,600. वजाबाकीवर विसंबलात तर दहा हजार जास्त गेले. को-पेही पूर्ण बिलावर नव्हे, मान्य रकमेवर लागतो.

आता ते 14,000. डायपर, नातेवाइकाचं जेवण, पाण्याच्या बाटल्या हे पॉलिसीत वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर आपल्याच खिशातून. त्यावर भांडू नका. पण त्यातच ‘फाइल चार्जेस’ आणि ‘डिस्चार्ज प्रोसिजर’ असं काही दिसलं तर थांबा. विमा नियामक इर्डाच्या यादीत हे खर्च खोलीच्या भाड्यातच धरलेले आहेत. भाडं घेऊन पुन्हा वेगळे का लावले, हे बिलिंगवाल्यांना विचारा.

खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली असेल तर डॉक्टरांच्या फी वगैरे खर्चातही त्याच प्रमाणात कपात होते. ही कपात औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर लावलेली दिसली तर मात्र कंपनीला लेखी विचारा. 2020 च्या नियमांनुसार या गोष्टी त्या कपातीबाहेर आहेत.

स्क्रीनशॉटबद्दलही एक सांगायचं. तो बऱ्याचदा आदल्या दिवसाच्या अंतरिम बिलाचा असतो आणि शेजारी ठेवलेली मंजुरी दाखल होतानाची, सुरुवातीची. दोन्हींवर ‘अंतिम’ असल्याशिवाय हिशेब मांडू नका. भरलेलं डिपॉझिटही त्या 31,600 मधून वळतं करून घ्या.

राहिलं जादा भाडं. डिस्चार्जची विनंती पोचल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची, असं इर्डाचं 2024 चं परिपत्रक सांगतं. तिच्या उशिरामुळे वाढलेला खर्च कंपनीनेच सोसायचा आहे. तुमच्या प्रश्नांमुळे झालेला उशीर त्यात येत नाही, म्हणून कपातीचा तक्ता हाती येताच तपासा, काउंटरवर पैसे भरायच्या रांगेत नव्हे.