दोन ग्लासांनंतरची माया

आमच्या देवगडकडच्या एका वहिनींनी विचारलं, "ह्यांचा खरा स्वभाव कोणता गो, सकाळचा की रात्रीचा?" त्यांच्या परवानगीने, नाव न घेता लिहितेय.

नवरा दिवसभर मुका. संध्याकाळी काजूची दारू पोटात गेली की बोलतो, "तुज्याशिवाय माका कोण आसा गो?" कंबर कशी आहे विचारतो, कुडाळला डॉक्टरकडे नेतो म्हणतो. सकाळी पुन्हा तोंड बंद.

दारूत माणूस खरं बोलतो, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. स्टील आणि जोसेफ्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलं की दारूने नजर आखूड होते. समोरचं तेवढं मोठं दिसतं. लाज, कालचं भांडण, उद्याची जबाबदारी मागे पडते. म्हणून समोर बायको असली की माया येते आणि तिने चुकीचा शब्द काढला की त्याच ग्लासातून रागही येतो. लाज गळल्यामुळे आतलं बाहेर येणं शक्य आहे, पण येतं ते सगळं आतलंच असतं असं नाही. तो शेजाऱ्याच्याही गळ्यात पडून तेच बोलत असेल, तर ते शब्द खास तुमच्यासाठी नाहीत.

कितव्या ग्लासावर बोलला, हेही बघावं. भरभर आणि खूप प्यायलं की मेंदू नवी आठवण साठवणंच थांबवतो. माणूस चालतो, नीट बोलतो, पण सकाळी "मी असं बोललोच नाही" म्हणतो, आणि ते खोटं नसतं. अशा रात्रीच्या वचनावर काहीच उभं करू नये.

वहिनींना मी म्हटलं, रात्री उत्तर देऊ नका. सकाळी चहाला, वाद न घालता, एकच गोष्ट विचारा: "काल कुडाळला जाऊया म्हणालात, गुरुवारी जाऊया?" त्यांनी विचारलं. तो खाली बघून "होय, म्हटलंय" म्हणाला, आणि गुरुवारी खरंच घेऊन गेला. म्हणजे दोन ग्लासांवरचं ते बोलणं पोकळ नव्हतं. बोलायला मात्र त्याला अजून ग्लास लागतो, आणि ही त्याची अडचण आहे, वहिनींनी सांभाळायची नव्हे.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. बोलता बोलता वहिनी म्हणाल्या की हल्ली संध्याकाळ झाली की त्या स्वतःच बांगडा तळून ठेवतात, ग्लास निघाला की त्यांना बरं वाटतं. चार गोड शब्दांसाठी बाई बाटलीची वाट बघू लागते, आणि दारू वाढली तरी तिला ती खुपत नाही. हे ऐकून माझ्या पोटात तुटलं.

जिथे हात उठतो तिथे हे तोलणं करत बसू नका, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

वहिनींनी आता त्याला सांगितलंय, "माझ्याशी बोलायचं ते सकाळी बोला, चार शब्द कमी चालतील." चखणा करणं त्यांनी बंद केलंय. तो दोन दिवस रुसला होता. अजून सकाळी फारसं बोलत नाही, पण कमरेच्या गोळ्या संपल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि न पिता जाऊन घेऊन आला. माझ्या हिशेबात त्या गोळ्यांचं वजन रात्रीच्या सगळ्या "गो"पेक्षा जास्त आहे.