लाइट आल्या आल्या मेन पडतो, तेव्हा एमसीबी बदलू नका

फिरणारा मेसेज असा आहे: «लाइट आली की मेन एमसीबी पडतो, म्हणजे एमसीबी कमी ॲम्पिअरचा आहे. ३२ काढून ६३ टाका, विषय संपला. तीच सगळी यंत्रं रोज सोबत चालतात, तेव्हा पडतो का? एक-एक बटण चालू करत बसायचं म्हणजे नुसता टाइमपास. फारच वाटलं तर स्टॅबिलायझर बसवा.»

सुरुवात रोजच्या चालण्यापासून करतो, कारण पटण्यासारखा मुद्दा तोच आहे आणि गफलतही तिथेच आहे.

मोटर चालू असताना जेवढा करंट घेते, त्याच्या पाच-सहापट, कधी त्याहूनही जास्त, ती सुरू होताना घेते. वेग पकडेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा ते एक सेकंद, हा झटका असतो. रोजच्या दिवसात सकाळी बोअर चालू होतो, गिरणी दुपारी, कूलर ऊन चढल्यावर, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर आपल्या वेळेने सुरू-बंद होत राहतो. सगळी यंत्रं सोबत चालत असतील, पण सोबत सुरू कधीच होत नाहीत. ती एकाच क्षणी सुरू होतात फक्त लाइट आल्यावर, कारण लाइट गेली तेव्हा सगळ्यांची बटणं चालूच राहिलेली असतात. त्यात परभणी-नांदेडकडच्या मे महिन्यात दोन तास लाइट नसली तर फ्रिज आणि डीप फ्रीझर दोन्ही आतून तापलेले असतात. एरवी त्यातला एक चालू असताना दुसरा बऱ्याचदा थांबलेला असतो. आता दोघांनाही लगेच गारवा हवा असतो.

समोर दुकान आणि मागे घर, सिंगल फेज, मेनला सी ३२ एमसीबी, असं तालुक्याच्या गावातलं एक ठिकाण धरू. बोअरची दीड एचपीची मोटर चालू असताना ९ ॲम्पिअर घेते. घरगुती पिठाची गिरणी ६, डीप फ्रीझर २, फ्रिज १, दोन कूलर मिळून २, आणि दिवे-पंखे-टीव्ही ३. बेरीज २३ होते. ३२ च्या एमसीबीला हे काहीच जड नाही.

आता हीच यंत्रं एका क्षणी सुरू होताना बघा. बोअर ४५, गिरणी ३०, डीप फ्रीझर १५, फ्रिज १०, कूलर ६ आणि बाकीचे ३, म्हणजे १०९ ॲम्पिअर. हे आकडे ढोबळ आहेत आणि यंत्रागणिक थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र तेच राहतं.

ज्याला एमसीबी आतून माहीत आहे तो इथे विचारेल की १०९ ला तो पडेल का? प्रश्न रास्त आहे. एमसीबीत दोन यंत्रणा असतात. एक चुंबकाची, जी क्षणात तोडते. सी प्रकारात ती रेटिंगच्या ५ ते १० पटींमध्ये केव्हाही काम करते, म्हणजे सी ३२ ला १६० ते ३२० ॲम्पिअर. दुसरी तापणाऱ्या पट्टीची, जी सावकाश तोडते. १०९ हा आकडा चुंबकाच्या खाली आहे आणि एक सेकंदभरच टिकला तर पट्टीही तो सोसते. पण तो एक सेकंद टिकत नाही, लांबतो.

खांबापासून घरापर्यंतची सर्व्हिस वायर लांब असते आणि जोड बऱ्याचदा जुने असतात. एवढा करंट एकदम ओढला की त्या वायरीतच ४०-४५ व्होल्ट पडतात. २३० चे १८५ उरले तर मोटरचा सुरुवातीचा जोर दोन तृतीयांशाच्याही खाली जातो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. लाइट आल्या आल्या त्या डीपीवरच्या सगळ्या घरांची हीच गत असते. म्हणून मुळात २०० च आले असतील तर घरात १६० च्या आसपास राहतात आणि जोर निम्म्याहून कमी होतो. मग मोटरी वेग पकडत नाहीत, नुसत्या घुमत राहतात, आणि घुमणारी मोटर तो सुरुवातीचा मोठा करंट सोडतच नाही. रेटिंगच्या तिप्पट-साडेतिप्पट करंट काही सेकंद वाहिला की पट्टी तापते आणि मेन पडतो. तो बरोबरच पडतो. न पडला तर मोटरीचं वाइंडिंग जळतं.

या घरात सगळ्यात आधी बघावी ती गिरणी. दळण अर्धवट असताना लाइट गेली तर दाणे आतच अडकलेले असतात. लाइट आल्यावर मोटरला ते भरलेलं भांडं फिरवून सुरू व्हावं लागतं आणि कमी व्होल्टेजवर ते तिला जमत नाही. बोअरच्या काही पॅनलमध्ये सुरुवातीचा कपॅसिटर बटण दाबून धरल्यावरच लागतो. अशा पॅनलचा स्विच चालू राहिला असेल, तर लाइट आल्यावर मोटरला वीज मिळते पण तो कपॅसिटर मिळत नाही. पाणी येत नाही, पॅनल गुरगुरत राहतं आणि थोड्या वेळाने मेन पडतो.

आता ६३ चं बघू. एमसीबी यंत्रासाठी बसवलेला नसतो, तो वायरसाठी असतो. बऱ्याच घरांत मीटरपासून मेनपर्यंत ४ किंवा ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असते. पाइपमधून गेलेल्या ६ च्या वायरीला ३५-४० ॲम्पिअरच्या पुढे नेऊ नये. ६३ चा एमसीबी मात्र ७१ ॲम्पिअरला तासभर न पडता थांबणार, त्याचं प्रमाणच तसं ठरलेलं आहे. तेवढ्या तासात वायरीचं पीव्हीसी मऊ होतं, आणि हे भिंतीच्या आत होत असल्याने दिसत नाही.

दुसरा धोका मला याहून मोठा वाटतो. लांब सर्व्हिस वायर असलेल्या घरात शॉर्ट झाला तरी करंट फार वाढत नाही. सगळ्या मार्गाचा रोध १ ओहम असेल तर शॉर्टचा करंट २३० ॲम्पिअर होतो. सी ३२ ला तो सातपट आहे, म्हणजे चुंबकाच्या टप्प्यातला. एमसीबी बहुधा तिथेच तोडतो, नाहीतर पट्टी तरी फार वेळ घेत नाही. सी ६३ ला तोच करंट पावणेचार पटही नाही. चुंबक हलत नाही आणि पट्टी तापायला काही सेकंद जातात. तेवढा वेळ शॉर्टच्या जागी आग पेटती राहते. केवळ बटणं बंद करायचा कंटाळा म्हणून घराला या जोखमीत घालणं मला मान्य नाही.

एक बदल मात्र योग्य असू शकतो. एमसीबीवर आकड्याच्या आधी छापलेलं इंग्रजी अक्षर वाचा. ते बी असेल तर चुंबक ३ ते ५ पटींतच काम करतो, म्हणजे ३२ ला ९६ पासून, आणि आपला १०९ चा झटका त्याला क्षणात पाडू शकतो. मोटरींच्या घरात ३२ चाच पण सी प्रकारचा एमसीबी वायरमनकडून बसवून घेणं रास्त आहे.

स्टॅबिलायझरने उलट भर पडते. त्याच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो, आणि वीज येताक्षणी तोही पहिल्या काही सायकलमध्ये आपल्या रेटिंगच्या दहापट किंवा जास्त करंट ओढू शकतो. मोटरींच्या १०९ वर दोन स्टॅबिलायझरची ही उसळी चढली की बेरीज चुंबकाच्या १६० च्या पुढे जाऊ शकते. उशिरा चालू होण्याची सोय असलेला स्टॅबिलायझर फ्रिजला चांगला, यात वाद नाही. पण बऱ्याच मॉडेलमध्ये उशीर फक्त पुढच्या यंत्राला मिळतो, आतला ट्रान्सफॉर्मर लगेच लागतो. शिवाय फ्रिज आणि फ्रीझर दोन्हींचा उशीर तीन-तीन मिनिटांचाच असेल तर तीन मिनिटांनी दोघंही सोबतच सुरू होतात. बदलता येत असेल तर एकाचा वेळ वेगळा ठेवा.

राहिला टाइमपासचा मुद्दा. लाइट गेली की बोअर, गिरणी, फ्रीझर, फ्रिज आणि कूलर यांचे स्विच बंद करायचे आणि एक दिवा चालू ठेवायचा, म्हणजे लाइट आलेली कळते. ती आल्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबायचं, कारण पहिल्या मिनिटात ती पुन्हा जाण्याची शक्यता जास्त असते आणि व्होल्टेजही हळूहळू सावरतं. मग सगळ्यात मोठी मोटर आधी लावायची. बोअर सुरू होताना ४५ आणि दिवे-पंख्यांचे ३, म्हणजे ४८ ॲम्पिअर, तेही सेकंदभर. आवाज एकसारखा झाला की दहा-पंधरा सेकंदांनी गिरणी, आतले दाणे काढून रिकामी केलेली. चालू बोअर आणि दिवे १२, गिरणीचे ३०, एकूण ४२. मग फ्रीझर लावताना ३३, फ्रिज लावताना ३० आणि शेवटी कूलर लावताना २७. १०९ च्या जागी सर्वांत मोठा झटका ४८ चा झाला, आणि सगळं मिळून तीन-चार मिनिटांत उरकलं.

मोठी मोटर शेवटी लावली तर तिच्या झटक्याने व्होल्टेज खाली बसतं आणि चालू असलेला कॉम्प्रेसर अडकू शकतो. म्हणून ती आधी. फ्रिजला तीन ते पाच मिनिटं द्यायची ती लाइट नुसती झपकून आली तेव्हा, कारण गॅसचा दाब उतरलेला नसतो आणि कॉम्प्रेसर त्या दाबाविरुद्ध सुरू होऊ शकत नाही. दोन तासांनी आली असेल तर दाब कधीच उतरलेला असतो.

दुकान बंद असताना स्विच कोण बंद करणार, ही खरी अडचण आहे. तिथे प्रत्येक मोठ्या यंत्राला कॉन्टॅक्टर आणि ऑन-डिले टायमर लावून घ्या, आणि वेळा वेगळ्या ठेवा, उदाहरणार्थ फ्रीझरला दोन मिनिटं आणि फ्रिजला चार. लाइट गेली की कॉन्टॅक्टर आपोआप सुटतो आणि आल्यावर टायमर संपल्याशिवाय लागत नाही. मोटर थेट टायमरच्या संपर्कावर चालवू नका, तो तेवढ्या करंटचा नसतो. गिरणी आणि बटण दाबून सुरू होणारा बोअर मात्र आपोआप चालू होणाऱ्यांत ठेवूच नका. शेतातल्या पंपांचे ऑटोस्विच काढा असं महावितरण वारंवार सांगते, त्यामागेही हेच आहे. डीपीवरचे सगळे पंप एका क्षणी सुरू झाले की भार ट्रान्सफॉर्मरवर येतो.

एवढं करूनही मेन पडला तर तो कधी पडतो ते बघा. सगळे स्विच बंद असताना उचलताक्षणी पडत असेल तर वायरिंगमध्ये शॉर्ट आहे. एकटी बोअरची मोटर लावल्यावर पडत असेल तर कपॅसिटर, मोटर आणि व्होल्टेज तपासून घ्या. सगळं सुरळीत सुरू होऊन अर्ध्या-पाऊण तासाने पडत असेल तर टाँग टेस्टर लावून चालू करंट मोजा, कारण तिथे भारच जास्त आहे किंवा एमसीबीचा जोड सैल होऊन तापतो आहे. आणि पडणारा एमसीबी नसून टेस्टचं बटण असलेली आरसीसीबी असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती सापडेपर्यंत त्या लाइनवरचं काही वापरू नका.