पांढऱ्या शर्टाची कैफियत

फिकट पडलेला जुना फोटो स्कॅन करायचा म्हटलं की घरातल्या प्रत्येकाची एकच मागणी असते: "जरा उजळ कर ना!" हे 'जरा' फार फसवं आहे. ब्राइटनेसचा दांडा ओढला की मागची भिंत उजळते, चेहरे उजळतात, आणि पांढऱ्या शर्टातल्या काकांच्या धडाच्या जागी शर्टाच्या आकाराचं भोक पडतं. बटणं गेली, खिसा गेला, कॉलर कुठे संपते आणि मान कुठे सुरू होते हे काकांनाच ठाऊक.

यावरचा पुस्तकी उपाय म्हणजे हिस्टोग्राम इक्वलायझेशन. तो संपूर्ण चित्राला लावला की काय होतं ते आकड्यांतच बघू. समजा ४ बाय ६ इंची कृष्णधवल फोटो ४०० डीपीआयला स्कॅन केला, म्हणजे १६०० बाय २४०० पिक्सेल. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा, अशा मापात सगळं ८० ते २१० या पट्ट्यात गोळा झालंय. खरा काळा नाही, खरा पांढरा नाही. त्यातले ६० टक्के पिक्सेल भिंतीचे, ३५ टक्के चेहऱ्यांचे आणि इतर कपड्यांचे, उरलेले ५ टक्के काकांच्या शर्टाचे, १८० ते २१० दरम्यान. इक्वलायझेशन हा लोकसंख्येवर जागावाटप करणारा कारभार आहे. ज्याचे पिक्सेल जास्त, त्याला छटा जास्त. भिंतीला ० ते १५३ असा ऐसपैस वाडा मिळतो. शर्टाच्या ३१ छटा मात्र २४२ ते २५५ या तेरा पायऱ्यांच्या जिन्यात कोंबल्या जातात. भिंत, जिच्याकडे कुणीही बघणार नाही, ती नटूनथटून बसते.

म्हणून कारभाराचं विकेंद्रीकरण करायचं. चित्राचे चौकोन, म्हणजे टाइल, पाडायचे आणि प्रत्येक टाइलने आपल्या छटांचा हिशेब आपण करायचा. ही अ‍ॅडाप्टिव्ह पद्धत. शेजारच्या टाइलांमध्ये फरशीसारखे सांधे दिसू नयेत म्हणून प्रत्येक पिक्सेलची किंमत जवळच्या चार टाइलांच्या हिशेबांतून, अंतराच्या प्रमाणात काढतात. शर्टाच्या टाइलमध्ये बहुमत शर्टाचं, तेव्हा त्याला जागा मिळतेच.

पण स्थानिक स्वराज्यात स्थानिक भानगडीही आल्याच. ८ बाय ८ टाइल पाडल्या तर एका टाइलमध्ये २०० बाय ३०० म्हणजे ६०,००० पिक्सेल येतात. नुसत्या भिंतीची एखादी टाइल घ्या. तिच्यात ९० ते ९८ अशा नऊच छटा आहेत, आणि त्यातला निम्मा फरक कागदाच्या रव्याचा आणि स्कॅनरच्या खरखरीचा. तरी ही टाइल त्या नऊ छटा २८ पासून २५५ पर्यंत ताणते. एकेका छटेचं अंतर २८ होतं आणि गुळगुळीत भिंतीला खरूज होते.

हा उत्साह आवरायला क्लिप लिमिट आहे, आणि ती लावली की या पद्धतीला क्लाहे म्हणतात. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीत क्लिप लिमिट २ ठेवली, तर ६०,००० भागिले २५६ गुणिले २, म्हणजे ४६८ पिक्सेलांवर एकाही छटेला हक्क सांगता येत नाही. वरचे सगळे पिक्सेल काढून घेऊन २५६ छटांत सारखे वाटले जातात. भिंतीच्या नऊ छटांकडून ५५,७८८ पिक्सेल असे जप्त होतात आणि प्रत्येक छटेच्या वाट्याला २१८ च्या आसपास येतात. आता ९० चं ८६ होतं आणि ९८ चं ११०. एका छटेचं अंतर २८ ऐवजी तीन. भिंत भिंतच राहते. फिजी या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या मेनूत याच आकड्याला मॅक्सिमम स्लोप म्हणतात, ते नाव मला जास्त प्रामाणिक वाटतं. कॉन्ट्रास्ट जास्तीत जास्त किती पट ताणला जाईल, याचीच ती मर्यादा आहे. जप्तीचा माल परत वाटल्यामुळे दोनाचे तीनाजवळ जातात, एवढं मनात धरायचं.

आता काकांकडे येऊ. पूर्ण शर्टाची टाइल घेतली आणि लिमिट २ ठेवली, तर २१० चं २२१ होतं. २५५ च्या आसपासही कुणी फिरकत नाही. खिसा दिसतो, बटणं मोजता येतात. पण खालच्या टोकाचं १८० घसरून १३९ वर येतं, आणि काकांनी तो शर्ट घालून गाडीखाली शिरून दुरुस्ती केली असावी असं वाटू लागतं. उजेड फुटण्याची भीती घालवता घालवता पांढरा मळतो. क्लाहेचा हा अवगुण फारसा कुणी सांगत नाही. त्यावर माझा आवडता इलाज म्हणजे मूळ स्कॅन आणि निकाल निम्मा-निम्मा मिसळायचा. मग १८० चं साधारण १६० होतं, २१० चं २१६. मूळच्या ३० छटांच्या अंतराचे ५५ च्या वर झाले, आणि शर्ट धुतलेला वाटतो.

```python
import cv2
img = cv2.imread("scan.tif", cv2.IMREAD_GRAYSCALE)
clahe = cv2.createCLAHE(clipLimit=2.0, tileGridSize=(8, 8))
out = clahe.apply(img)
mix = cv2.addWeighted(img, 0.5, out, 0.5, 0)
cv2.imwrite("scan_clahe.png", mix)
```

यात `clipLimit` लिहायचा आळस केला तर ओपनसीव्ही स्वतःहून ४० धरतं. चाळीस! फोटोतल्या सगळ्यांना एकदम कांजिण्या येतात. आणि `tileGridSize` मधले ८ म्हणजे पिक्सेल नव्हेत, आडव्या-उभ्या टाइलांची संख्या. "टाइल मोठी हवी" म्हणून तिथे ६४ घातले की टाइल २५ बाय ३७ पिक्सेलांच्या आसपास येते. मग नाक आणि गाल यांचा कारभार वेगळा होतो आणि डोक्याभोवती संतपदाचं वलय उमटतं. असं वलय दिसलं की आकडा कमी करायचा. उलट २ बाय २ केलं तर आपण पुन्हा भिंतीच्या राज्यात. माझ्या मते टाइल चेहऱ्याहून थोडी मोठी असावी.

खरा छळ मात्र त्याच्या आधीच झालेला असतो. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधला 'ऑटो' चालू राहिला आणि शर्ट तिथेच २५५ झाला, तर क्लाहे काहीही परत आणू शकत नाही. सगळे पिक्सेल एकाच किमतीचे असले की ताणायला फरकच उरत नाही. म्हणून आधी `(img == 255).sum()` बघायचं. आकडा हजारोंत असेल तर उठून फोटो पुन्हा काचेवर ठेवायचा. स्कॅनरच्या झाकणाची काळी कडाही आधी कापायची, कारण कडेच्या टाइलांत ती आगंतुकासारखी शिरून हिशेब बिघडवते. स्कॅन जेपेगमध्ये ठेवला असेल, तर सपाट भिंतीवर ८ बाय ८ पिक्सेलांची चौकटनक्षी उगवते. टिफमध्ये ती मुळातच नसते. धूळ आणि ओरखडे आधीच पुसायचे. नंतर तेही तिप्पट ठसठशीत झालेले असतात.

रंगीत फोटो असेल तर लाल, हिरवा, निळा यांना वेगवेगळं क्लाहे लावू नये. तिघे तीन दिशांना जातात आणि चेहऱ्याला कावीळ होते. उजेड आणि रंग वेगळे ठेवणाऱ्या लॅब या रंगपद्धतीत रूपांतर करून फक्त उजेडाच्या एल चॅनेलला लावायचं आणि परत फिरायचं.

सगळं झाल्यावर चित्र शंभर टक्क्यांवर उघडून आधी भिंत बघावी, मग शर्टाचा खिसा. भिंतीवर रवा दिसला तर लिमिट दीडवर आणावी. "अजून जरा" म्हणून त्याच फायलीवर दुसऱ्यांदा क्लाहे चालवू नये. ताण बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो, आणि काकांचा शर्ट पुन्हा गाडीखाली जातो.