मोठं गिऱ्हाईक तोट्यात? बिलं मोजून बघा

"मार्जिन कमी असलं तरी मोठं गिऱ्हाईक सोडू नका. व्हॉल्यूममध्ये सगळं निघतं. खर्च काय, छोट्यांवरही होतोच."

व्हॉल्यूममध्ये मार्जिन निघतं, हे खरं. पण खर्च विक्रीच्या रकमेप्रमाणे होत नाही. तो फेऱ्या, बिलं, परत आलेला माल आणि उधारीचे दिवस यांच्याप्रमाणे होतो. आपण मात्र गोडाऊन, टेम्पो, पगार सगळं एकत्र करून विक्रीच्या टक्क्यांत वाटतो. मग प्रत्येक खातं सारखंच दमदार दिसतं.

आमच्याकडे किराणा-घरगुती मालाचं घाऊक काम आहे. पाच शाखांचं एक दुकान महिन्याला १२ लाखांचा माल घेतं. मार्जिन ६ टक्के, म्हणजे ७२,००० रुपये. तीन महिन्यांची चलनं काढून बसलो तर महिन्याला ४० फेऱ्या निघाल्या. त्यांच्या गेटवर टेम्पो दीड-दीड तास उभा, वर दोन बॉक्स कमी म्हणून शेरा. भाडं-हमाली धरून फेरी ७०० रुपयांना पडते, म्हणजे २८,०००. विभागवार १६० बिलं, माल काढणं-तपासणं धरून प्रत्येकी ६० रुपये, म्हणजे ९,६००. परतीत खराब झालेला माल ९,०००. उधारी ७५ दिवसांची, म्हणून कायम ३० लाख अडकलेले; वर्षाला १२ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ३०,०००. बेरीज ७६,६००. दरमहा ४,६०० तोटा.

शेजारच्या गल्लीतला किराणावाला महिन्याला दीड लाखाचा माल घेतो, मार्जिन ९ टक्के, १५ दिवसांत पैसे. रोजच्या रूटवरच्या चार थांब्यांचे १,८००, आठ बिलांचे ४८०, व्याजाचे ७५० वजा करूनही १०,४७० उरतात. छोट्यावर खर्च होतोच, पण किती, ते बघा.

म्हणून लगेच खातं बंद करायचं का? तिथे घाई नको. भाड्याचा टेम्पो आणि व्याज खरंच थांबतं. पण ६० रुपयांत गोडाऊनच्या माणसाचा पगार आहे, तो गिऱ्हाईक गेल्यावरही द्यावाच लागतो. शिवाय कंपनीचा वार्षिक टार्गेट बोनस याच १२ लाखांच्या जोरावर मिळत असेल, तर तो हिशेबात धरा. मी तपासला, आमच्या बोनसवर फरक पडत नव्हता.

४५ दिवसांत पैसे द्यायला लावणाऱ्या एमएसएमई कायद्याच्या भरवशावरही राहू नका. २०२१ मध्ये घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती.

आम्ही त्यांच्या खरेदीवाल्यासमोर चलनांचा गठ्ठाच ठेवला. मंगळवार-शुक्रवार पाचही शाखांची एकच फेरी, शाखेला एकच बिल, असं ठरलं. महिन्याला नऊ फेऱ्या, लांबच्या म्हणून प्रत्येकी १,४०० रुपये, आणि ४५ बिलं. तोट्याच्या जागी आता साधारण १७,७०० उरतात. उधारी मात्र एक दिवसही कमी झाली नाही.