बाळाचे डोळे मोठे करू नका: त्या व्हायरल 'टिप्स'ना उत्तर

«बाळाच्या फोटोचं सुंदर पेंटिंग आता घरच्या घरी! १) डोळे दीडपट मोठे करा, प्रॉम्प्टमध्ये big beautiful eyes, long lashes लिहा, गोडवा डोळ्यांतच असतो हे सायन्सने सिद्ध झालंय. २) बाळाचं डोकं अंगापेक्षा मोठं दिसतं, ते प्रपोर्शनमध्ये आणा. ३) Denoising strength जेवढी जास्त तेवढं पेंटिंग भारी. ४) शेवटी फेस रिस्टोर मारा, डोळे आपोआप नीट होतात. सर्व आई-बाबांना पाठवा.»

हा मेसेज गेले काही दिवस सोलापुरातल्या निम्म्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय, आणि परवा माझ्या सख्ख्या बहिणीनेच मला पाठवला, वर "ताई, असंच करून दे की बाळाच्या बोरन्हाणाचं" असं लिहून. टिप्स आहेत स्टेबल डिफ्यूजनच्या, म्हणजे फोटोवरून चित्र काढणाऱ्या एआयच्या. सोबत तिने स्वतः त्या वापरून केलेलं चित्रही होतं. भाचा अकरा महिन्यांचा आहे आणि चित्रातला मुलगा पंचवीस वर्षांचा नवरदेव दिसत होता, डोळे असे की रात्री बघवणार नाहीत. माझं कामच फ्रेम आणि फोटो प्रिंटिंगचं आहे. गड्डा यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, बोरन्हाणाच्या फोटोंची रांग लागते आणि यंदा त्यातल्या बऱ्याच फाइल अशाच बिघडून येतायत. लोक पैसे देऊन ते कॅनव्हासवर छापून घेतात आणि मग आजी म्हणते हे आपलं बाळ नाही. म्हणून लिहितेय.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या मुद्द्याने होतंय, आधी तोच घेते.

सायन्सचं नाव घेतलंय त्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. कॉनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञाने १९४३ साली मांडलं होतं की बाळाचा चेहरा बघून आपल्याला माया का येते: मोठं डोकं, उंच गोल कपाळ, चेहऱ्यावर खाली बसलेले मोठे डोळे, फुगरे गाल. पण हा अख्खा संच आहे हो! त्यातले फक्त डोळे उचलून ताणले तर संच मोडतो. आणि डोळे ताणल्यावर काय होतं हे बघितलेलंही आहे. जपानमधल्या सेयामा आणि नागायामा यांनी २००७ साली कृत्रिम चेहऱ्यांवर प्रयोग केला, त्यात डोळे दीडपट केलेले चेहरे होते. बाहुलीसारख्या चेहऱ्यावर ते लोकांना तितकंसं खटकलं नाही, पण चेहरा जितका खऱ्या माणसासारखा तितके तेच मोठे डोळे नकोसे वाटले. म्हणजे या फॉरवर्डमध्ये जो दीडपटचा आकडा दिलाय तोच आकडा खऱ्या दिसणाऱ्या चेहऱ्यावर नकोसा ठरलेला आहे. सपाट रंगांचं, जाड रेघांचं कार्टून करणार असाल तर डोळे मोठे करा, चालतं. वॉटरकलर किंवा ऑइल पेंटिंगसारखं, ज्यात गालाची त्वचा, सावली सगळं खरं दिसतंय, त्यात करायचं नाही.

कारण बाळाच्या डोळ्यातच आहे. नवजात बाळाच्या डोळ्याचा गोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा २४. पण पुढचा काळाभोर भाग मात्र जन्मतःच जवळपास मोठ्या माणसाएवढा असतो, म्हणून बाळाच्या डोळ्यात पांढरं कमी आणि काळं जास्त दिसतं, आणि वरची पापणी त्या काळ्या गोलाची वरची कड झाकून बसलेली असते. सॉफ्टवेअरने डोळा ताणला की पापणी वर सरकते आणि काळ्या गोलाच्या चारही बाजूंना पांढरं उघडं पडतं. माणूस दचकला की असाच दिसतो. बहिणीच्या चित्रात नेमकं हेच झालं होतं, शिवाय एका डोळ्यात खिडकीचा उजेड डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे. दोन्ही डोळ्यांतला उजेडाचा ठिपका एकाच बाजूला आहे की नाही, हे कुठलंही चित्र हातात आलं की मी पहिलं बघते.

आता आपल्याकडची खास अडचण, जी या इंग्रजी टिप्स उचलून मराठीत टाकणाऱ्यांच्या डोक्यातही आलेली नाही: काजळ. आपली बाळं काजळ घालून, गालाला तीट लावून फोटोला बसतात. या एआय मॉडेलनी डोळ्याभोवतीची काळी रेघ बघितलीय ती मुख्यतः मेकअप केलेल्या बायकांच्या फोटोत. त्यामुळे काजळ दिसलं की मॉडेल त्याचं आयलायनर करतं, आयलायनर आला की लांब पापण्या येतात, पापण्या आल्या की भुवया कोरीव होतात, आणि वर तुम्ही स्वतः long lashes लिहून दिलंय! तिटीचा होतो तीळ. हलव्याचे दागिने म्हणजे त्याच्या लेखी मोत्याचे दागिने, त्यामुळे मुकुट आणि हार बघून चेहरा आणखी लग्नाच्या वयाकडे ओढला जातो.

भाच्याच्या फोटोवर मी केलं ते असं. आधी कुठलंही एआय न लावता साध्या फोटो एडिटरमध्ये काजळाची रेघ शेजारच्या त्वचेच्या रंगाने हलकी केली, पूर्ण पुसली नाही, आणि तीट काढून टाकली. दोन्ही शेवटी, चित्र तयार झाल्यावर, ब्रशने हाताने परत घातलं. दागिन्यांवरून मास्क, म्हणजे एआयने बदलायच्या जागेची खूण, फिरवलाच नाही, चेहऱ्याच्या मास्कमध्ये हारही आला नाही आणि मुकुटही नाही. तोंडही मास्कबाहेर ठेवलं, कारण त्याला खाली दोनच दात आलेत आणि हसऱ्या बाळाला ही टूल्स सर्रास दातांची अख्खी ओळ बसवतात. चेहऱ्यासाठी लिहिलं एवढंच, नको त्या गोष्टी Negative prompt मध्ये:

```
watercolor portrait of an 11 month old baby,
round cheeks, small flat nose, faint eyebrows
Negative prompt: adult, makeup, eyeliner,
long eyelashes, defined jawline
```

वयाचा आकडा लिहा. नुसतं cute boy लिहिलं तर ते कितीही वर्षांचा मुलगा काढेल. आणि beautiful, detailed face, 8k हे शब्द काढून टाका, ते मोठ्यांच्या पोर्ट्रेटकडे नेतात.

दुसरा मुद्दा वाचून मला खरंच राग आला. बाळाचं डोकं मोठं दिसतं कारण ते मोठंच असतं! जन्मताना डोकं अख्ख्या लांबीच्या चौथा भाग असतं, मोठ्या माणसात साधारण साडेसातावा भाग. ते 'प्रपोर्शनमध्ये' आणलं की तुमच्याकडे बुटका मोठा माणूस तयार होतो, बहिणीचा नवरदेव तिथूनच आला. बरेचदा हे न मागता पण होतं, आणि त्याला कारण OpenPose. पोझ तशीच राहावी म्हणून लोक कंट्रोलनेटमध्ये, म्हणजे मूळ फोटोची रचना धरून ठेवणाऱ्या जोडणीत, ते लावतात, पण त्यात फक्त सांध्यांचे ठिपके जातात, टाळू किती वर आहे आणि गाल किती भरलेत हे जातच नाही, मग मॉडेल आपल्या सवयीचं डोकं बसवतं. बाळासाठी तिथलंच Depth किंवा Lineart वापरा, त्यात डोक्याचा बाहेरचा आकार पण धरला जातो.

तपासायची सोपी रीत आहे. टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या बरोबर मध्यावर आडवी रेघ मारा. मोठ्या माणसाचे डोळे साधारण त्या रेघेवर येतात, बाळाचे तिच्या खाली. मूळ फोटो चित्रावर अर्धा पारदर्शक करून ठेवा, चित्रातले डोळे वर सरकलेले असतील किंवा हनुवटी लांबलेली असेल तर वय वाढलंय, मग रंग कितीही छान असोत, ती फाइल छापायला देऊ नका.

तिसऱ्या मुद्द्यातही थोडं तथ्य आहे, बॅकग्राउंडपुरतं. ही स्ट्रेंथ म्हणजे चित्र किती बदलू द्यायचं तो आकडा, ती १ केली की मूळ फोटो जवळपास विसरलाच जातो. बाळ सोलापुरी चादरीवर बसलंय, त्या चादरीची नक्षी ०.६५ वर विस्कटली तरी कुणी बोट ठेवणार नाही, उलट पेंटिंगसारखी वाटते. चेहऱ्याला ते चालत नाही. म्हणून मी दोनदा करते: आधी अख्खं चित्र ०.६ च्या आसपास, मग काजळ हलकं केलेल्या फोटोतला चेहरा कापून त्या चित्रावर जागच्या जागी बसवायचा, आणि Inpaint मध्ये, म्हणजे चित्राचा ठरावीक भागच बदलायच्या सोयीत, फक्त चेहऱ्यावर मास्क, स्ट्रेंथ ०.३ ते ०.४. त्याखाली गेलं तर फोटो चिकटवल्यासारखा दिसतो, ०.५ च्या वर ओळख जायला लागते.

इथे Only masked हा पर्याय निवडायला विसरू नका, डोळे बिघडण्याचं निम्मं कारण तिथे आहे. स्टेबल डिफ्यूजन चित्रावर थेट काम करत नाही, आठ बाय आठ पिक्सेलचं एक घर धरून लहान केलेल्या रूपावर करतं. बोरन्हाणाचा फोटो पूर्ण अंगाचा असतो, तो ५१२ पिक्सेल रुंदीला आणला की चेहरा जेमतेम ९० पिक्सेल उरतो, एक डोळा १८ पिक्सेल, म्हणजे एका डोळ्याच्या वाट्याला दोन-सव्वादोन घरं. एवढ्यात बुबुळ, पापणी, उजेडाचा ठिपका कुठून मावणार? Only masked केलं की तो चेहऱ्याचा तुकडाच मोठा करून त्यावर काम होतं आणि मग परत जागेवर बसवला जातो. प्रॉम्प्ट बदलत बसण्यापेक्षा हे एक केलं तरी डोळ्यांत फरक दिसतो.

चौथा मुद्दा थोडक्यात. फेस रिस्टोरच्या मागे बहुतेक GFPGAN किंवा CodeFormer ही चेहरा दुरुस्त करणारी मॉडेलं असतात, दोन्ही खऱ्या माणसांच्या फोटोंवर शिकलेली. पुसट जुन्या फोटोला उपयोगी आहेत, नाही म्हणत नाही. पण वॉटरकलरवर मारलं की मधोमध फोटोसारखी गुळगुळीत त्वचा येते आणि मऊ डोळ्यांना टोकदार कडा, पापण्यांचे केस येतात, म्हणजे इतकं सांभाळून टाळलेलं सगळं एका बटणाने परत. बाळाच्या चित्राला ते बंद ठेवा.

बहिणीला आणि बाकी सगळ्यांनाच एक विनंती, फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि चेहऱ्याचे पिक्सेल आधीच निघून जातात. आणि बाळाने खिडकीकडे बघितलेला, फ्लॅश न मारलेला एखादा असेल तर तोच द्या.