‘पीओ आमची, तर अटी आमच्या’ हे खरं मानून बसू नका

“पीओ आपली, तर अटी आपल्याच. विक्रेत्याच्या ॲकनॉलेजमेंटवर किंवा बिलावर काय छापलंय त्याला काडीची किंमत नाही. ‘फक्त आमच्याच अटी लागू’ एवढी एक ओळ पीओवर टाका, विषय संपला. सात दिवसांत समोरचा काही बोलला नाही तर त्याला सगळं मान्य आहे. आणि माल एकदा उतरवून घेतला की दर्जाबद्दल बोलायचा हक्क गेला.” (खरेदी विभागातल्या लोकांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज)

हा मेसेज माझ्या भाच्याने मला पाठवला, तोही त्याच्यावर विसंबून विक्रेत्याच्या बिलातून तीन टक्के कापून झाल्यावर. खरेदी-करारांचं काम मी रोज करतो, म्हणून गप्प बसवत नाही.

त्याचं प्रकरण असं. सहा पंपांची पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का कपात, जास्तीत जास्त पाच टक्के, ही अट मागच्या पानावर होती. ‘फक्त आमच्याच अटी लागू’ ही ओळही होती. चार दिवसांनी विक्रेत्याची ऑर्डर ॲकनॉलेजमेंट, म्हणजे ऑर्डर मिळाल्याची लेखी पोच, ईमेलने आली. भाच्याने वर वस्तू, संख्या आणि दर जुळतात का ते पाहिलं आणि फाइलला लावली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही ऑर्डर सोबतच्या अटींवरच स्वीकारली आहे, आणि सोबतच्या पानावर होतं की उशिराबद्दल कोणतीही भरपाई दिली जाणार नाही. पंप सहा आठवडे उशिरा आले. स्टोअरने चलनावर सही करून उतरवून घेतले, दोन पंप तर लगेच बसवलेही. बिल आल्यावर भाच्याने तीन टक्के कापले, आणि विक्रेत्याने तीच ॲकनॉलेजमेंट पुढे केली.

आता एकेक कागद क्रमाने बघू. पीओ हा प्रस्ताव. प्रस्ताव आहे तसा, पूर्णपणे आणि विनाअट स्वीकारला तरच ती स्वीकृती. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 7 हेच सांगतं, आणि इंग्लंडच्या कायद्याचाही हाच मूळ नियम आहे. विक्रेत्याने उशिराची अट बदलून ‘स्वीकारलं’ म्हटलं, म्हणजे त्याने पीओ स्वीकारली नाही, उलटा प्रस्ताव ठेवला. त्या घडीला करारच नव्हता. त्यावर भाच्याने काहीच कळवलं नाही आणि माल घेऊन वापरायला काढला. हे वागणंच त्या उलट्या प्रस्तावाला होकार ठरतं. शेवटचा कागद विक्रेत्याचा, म्हणून अटी विक्रेत्याच्या. उशिराचे तीन टक्के कापायला करारात आधारच उरला नाही.

“पण ती ओळ होती ना?” असं भाचा तीनदा म्हणाला. मेसेजमधला सगळ्यात घातक भाग हाच आहे. त्यासाठी बटलर मशीन टूल विरुद्ध एक्स-सेल-ओ हा इंग्लंडच्या अपील कोर्टाचा निकाल वाचावा. तो 1979 च्या लॉ रिपोर्टांत छापलेला आहे. मे 1969 मध्ये विक्रेत्याने 75,535 पौंडांना एका यंत्राचं कोटेशन दिलं. खर्च वाढला तर किंमत वाढेल अशी अट त्यात होती, आणि आमच्या अटी खरेदीदाराच्या अटींवर मात करतील असंही स्पष्ट लिहिलं होतं. खरेदीदाराने स्वतःच्या अटींवर ऑर्डर दिली. त्या अटींत भाववाढ नव्हती. ऑर्डरच्या तळाशी फाडून परत पाठवायची चिठ्ठी होती: तुमची ऑर्डर तिच्यावरील अटींवर स्वीकारतो. विक्रेत्याने तिच्यावर सही केली आणि सोबतच्या पत्रात आपल्या कोटेशनचा उल्लेख करून ती परत पाठवली. पुढे त्याने भाववाढीचे 2,892 पौंड मागितले. खालच्या कोर्टाने ते मंजूर केले, अपील कोर्टाने नामंजूर केले. पत्रातला कोटेशनचा उल्लेख यंत्र कोणतं आणि दर काय एवढ्यापुरताच धरला गेला. म्हणजे ‘आमच्याच अटी चालतील’ ही ओळ ज्याच्या कागदावर होती तो हरला, आणि निकाल फिरला तो सही केलेल्या चिठ्ठीवर.

या मेसेजखालीच कुणीतरी “बटलर केसमध्ये खरेदीदारच जिंकला” असं लिहिलं आहे. जिंकला, पण त्याच्या हातात विक्रेत्याची सही होती. भाच्याच्या हातात काय होतं?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. अमेरिकेच्या युनिफॉर्म कमर्शियल कोडमध्ये, कलम 2-207 खाली, अशा ओळीला खरंच वजन आहे. तिथे वेगळ्या अटी घालून पाठवलेला होकारही स्वीकृती ठरू शकतो, आणि प्रस्तावाने स्वीकृती आपल्याच अटींपुरती स्पष्टपणे मर्यादित केली असेल तर विक्रेत्याच्या जादा अटी करारात शिरत नाहीत. पण विक्रेत्यानेही ‘तुम्ही या अटी मान्य केल्या तरच आमची स्वीकृती’ असं स्पष्ट लिहिलं असेल, तर कागदांवरून करार होतच नाही. माल गेला आणि घेतला गेला, तर दोघांच्या कागदांत जे जुळतं तेवढंच टिकतं, बाकीची जागा कायदा स्वतःच्या नियमांनी भरतो. तिथेही एका ओळीने विषय संपत नाही.

बिलाबद्दलचं बोलणं अर्धं खरं आहे. बिल बहुतेक वेळा करार झाल्यावर येतं, त्यामुळे त्यावर पहिल्यांदाच छापलेली अट उशिरा आलेली ठरते. पण ॲकनॉलेजमेंट मालाच्या आधी येते. मेसेजने दोन्ही कागद एकाच पारड्यात टाकले आणि तिथेच भाचा फसला.

सात दिवसांचं गप्प राहणं म्हणजे संमती, हे नुसतं लिहून होत नाही. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या व्हिएन्ना कराराचं कलम 18 स्पष्ट सांगतं की नुसतं मौन किंवा काहीच न करणं ही स्वीकृती नव्हे. विक्रेता माल पाठवायला लागला तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा तो गप्प बसलेला नसतो, वागून दाखवत असतो.

आणि ऑर्डरची स्वीकृती वेगळी, मालाची वेगळी. चलनावरची सही म्हणजे माल पोचला. तपासायला वाजवी वेळ मिळतो. तो वापरायचा आणि खोट निघाली तर लगेच लेखी कळवायचं.

पुढच्या ऑर्डरला भाच्याला एवढंच करायला लावलं: ॲकनॉलेजमेंट आली की दर, मुदत आणि उशीर, हमी आणि जबाबदारीची मर्यादा, पैसे देण्याची मुदत, वाद कुठे चालेल, हे पीओशी ओळीने ताडून पाहायचं. तफावत दिसली की माल निघण्याआधी उत्तर द्यायचं. त्याने लिहिलं, “तुमची उशिराबद्दलची अट आम्हाला मान्य नाही. आमच्या पीओतली अट कायम आहे. हे लेखी मान्य करून मगच माल पाठवा.” यामुळे शेवटचा कागद आपला होतो, आणि त्यानंतर विक्रेत्याने काही न बोलता माल पाठवला तर होकार त्याच्या वागण्यातून येतो. मात्र त्याने तिसरा कागद पाठवला तर पुन्हा उत्तर द्यावं लागतं, आणि स्टोअरला तोवर थांबायला सांगावं लागतं. काम अडलंय म्हणून माल घेतला की आपली बाजू गेली.

विक्रेत्याने दोन दिवसांनी फोन केला. पहिले दोन आठवडे माफ, नंतर आठवड्याला पाव टक्का, यावर जुळलं. भाच्याने सुधारित पीओ काढली, तिच्या तळाशी स्वीकृतीची चिठ्ठी ठेवली, आणि सही होऊन आल्यावरच डिलिव्हरीची तारीख नक्की केली. आधीचे तीन टक्के त्याने परत दिले.